घरी धम्मदीक्षा घेताना: त्रिशरण, बावीस प्रतिज्ञा, पांढरी साडी आणि पहिलं वर्ष

प्रश्न: जय भीम. आम्ही मातंग समाजातले. मी, बायको, कॉलेजात जाणारा मुलगा, आठवीतली मुलगी आणि माझी आई असे पाच जण. येत्या दसऱ्याला धम्मदीक्षा घ्यायचं ठरवलंय. त्यासाठी नागपूरलाच जावं लागतं का? विधी नेमका काय असतो? बावीस प्रतिज्ञा सगळ्याच घ्याव्या लागतात का? पांढरे कपडे सक्तीचे आहेत का? आई अजून मनानं तयार नाही.

उत्तर:

जय भीम दादा.

आधी थोडक्यात सांगते. नागपूरला जायलाच हवं असं नाही. दीक्षा घरात, विहारात, समाजमंदिरात कुठेही घेता येते. प्रतिज्ञा बावीसच्या बावीस घ्यायच्या, त्यातल्या निवडून घेता येत नाहीत. पांढऱ्या कपड्यांची रीत आहे, सक्ती नाही. आणि आई तयार नसतील तर त्या दिवशी त्यांना प्रतिज्ञेला उभं करू नका. मी एकवीस वर्षं पिंपरी-चिंचवड भागात केंद्रीय शिक्षिका म्हणून, म्हणजे धम्माच्या बैठका आणि विधी घेण्याचं, काम करते. माझ्या हातून दीक्षा घेतलेली बरीचशी घरं मातंग समाजातली आहेत, काही भटक्या जमातींतली, दोन-तीन कुणबी. त्यामुळे तुमच्या घरात आता काय चाललं असेल याचा मला अंदाज आहे.

नागपूरचं आधी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतलं. ते वयोवृद्ध भिक्खू कुशीनगरहून आले होते. मग बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा स्वतः उच्चारल्या, ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांना उभं राहायला सांगितलं आणि समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली. बाबासाहेबांना दीक्षा भिक्खूंनी दिली, पण आपल्या लोकांना एका उपासकानं दिली. ज्यांना पोचायला उशीर झाला त्यांना दुसऱ्या दिवशी तिथेच मिळाली, तिसऱ्या दिवशी चंद्रपूरला. आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बाबासाहेबांचा अंत्यविधी होत असताना भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखावर लोकांना दीक्षा दिली. समुद्राच्या वाळूवर उभं राहून घेतलेली ती दीक्षा काही कमी पडली नाही. म्हणून सांगते, जागेचा आग्रह धरू नका. भिक्खू मिळाले तर उत्तमच. नाहीतर तुमच्या भागातले बौद्धाचार्य किंवा केंद्रीय शिक्षक विधी घेतील. दीक्षाभूमीला जरूर जा, पण गर्दी ओसरल्यावर, आईंनाही घेऊन. तिथे प्रतिज्ञा दगडात कोरून ठेवल्या आहेत, त्या सावकाश वाचून या.

आता तुमच्या तारखेबद्दल. दसरा निवडलात हे छान, पण दसऱ्याच्या आधी घरात काय काय येतं ते बघा. आधी पितृपंधरवडा, मग लगेच घटस्थापना. आईंच्या मनात तुमच्या वडिलांचं म्हाळ घालायचं असणार आणि घट बसवायचे असणार. पंधरा दिवसांपूर्वी पितरांना जेवू घातलेलं, घरात नऊ दिवसांचं धान उगवलेलं, आणि घट उठतात त्याच दिवशी तुम्ही म्हणणार की मी श्राद्धपक्ष करणार नाही, देवदेवतांना देव मानणार नाही. असं होताना मी पाहिलंय. प्रतिज्ञा म्हणताना माणसाचा आवाज बारीक होतो, कारण समोरच्या कोपऱ्यात घट दिसत असतात. म्हणून तारीख दसऱ्याची ठेवा, पण घरातला निर्णय भाद्रपद पौर्णिमेच्या आत करून टाका. तेवढ्यात नाही जमलं तर दसरा सोडा आणि पुढची कुठलीही पौर्णिमा धरा. घाईनं गाठलेल्या मुहूर्तापेक्षा ते बरं. तसा मुहूर्त आपल्यात नसतोच.

तीन वर्षांपूर्वी चिखलीच्या एका घरात हेच झालं, ते सांगते म्हणजे तुम्हाला नीट दिसेल. मूळचं लातूरकडचं घर. नवरा कंपनीत कामाला, बायको घरी शिवणकाम करायची, दोन मुलं आणि सत्तरीच्या आजी. आजोबा गावाकडे मरीआईचे पोतराज होते. ते जाऊन बारा वर्षं झालेली, पण त्यांचा कोरडा घरात खुंटीला तसाच टांगलेला. देवघरात चांदीचे पाच टाक. आणि मुलाच्या आजारपणात बोललेला बकऱ्याचा नवस फेडायचा राहिलेला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरधनी म्हणाले, "ताई, विधी उरकून घेऊ, बाकीचं हळूहळू बघू." मी म्हटलं, दादा, बाकीचं बघितल्याशिवाय विधी कशाचा करायचा?

आम्ही दीक्षेआधी निदान चार बैठका घेतो. दर रविवारी तासभर, त्याच घरात, घरातली सगळी माणसं बसवून. पहिल्या बैठकीत फक्त एकच शब्द घेते, सरणं. मराठीत शरण जाणं म्हणजे हार पत्करणं, कुणाच्या तरी पायावर पडणं. त्यामुळे "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणताना लोकांच्या मनात नकळत जुनाच भाव येतो: आधी त्या देवापुढे वाकायचो, आता या देवापुढे. पालीतला सरण म्हणजे आसरा. पावसात माणूस झाडाखाली जातो तसा. आणि गच्छामि म्हणजे मी जातो, माझ्या पायानं. बुद्धाचा आसरा घेणं म्हणजे त्यानं दाखवलेला रस्ता खरा मानून त्यावर चालणं; तो आपल्याला उचलून नेणार नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं आहे. धम्माचा आसरा म्हणजे त्याच्या शिकवणीचा, आणि संघाचा आसरा म्हणजे त्या वाटेवर आपल्या आधी चाललेल्या माणसांचा. उच्चारही इथेच सुधारून घेते. पालीत श नाही, म्हणून शरणं नाही, सरणं. आठवीतली मुलं हे पटकन उचलतात आणि मग घरातल्या मोठ्यांना दुरुस्त करतात. त्याचा फायदा होतो.

त्या घरातल्या नवसाचा प्रश्न दुसऱ्या बैठकीत निघाला. आजींना भीती होती की नवस फेडला नाही तर नातवाला काही होईल. अशा वेळी हसायचं नसतं आणि "अंधश्रद्धा आहे" म्हणून झटकायचंही नसतं. मी पंचशीलातलं पहिलं शील म्हणून दाखवलं, पाणातिपाता वेरमणी, जीव घेण्यापासून अलिप्त राहण्याची शिकवण मी ग्रहण करतो. मग विचारलं, पोरगं कुठल्या डॉक्टरांच्या औषधानं बरं झालं? आजींनी डॉक्टरांचं नाव घेतलं, औषधाचा खर्चही आकड्यासकट सांगितला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. शेवटी आजीच म्हणाल्या की बकऱ्याच्या पैशात नातवाला वह्या-पुस्तकं घेऊन द्या. हे मी सुचवलं असतं तर ते माझं झालं असतं.

टाकांचं काय करायचं हे प्रत्येक घर विचारतं, तुम्हीही विचाराल. दीक्षेनंतर ते देवघरात राहू शकत नाहीत, पहिल्या तीन प्रतिज्ञांशी ते जुळतच नाही. पण रागानं फेकू नका, गटारात किंवा रस्त्याकडेला तर मुळीच नाही. तुमच्या भावकीत कुणी देव सांभाळणार असेल तर त्यांच्याकडे सन्मानानं सोपवा. कुणी नसेल तर चांदी सोनाराकडे मोडा, त्यात काही वावगं नाही. चिखलीच्या घरानं मोडली, आणि त्या पैशांत विहारासाठी दोन सतरंज्या आणि पूजापाठाच्या पंचवीस पुस्तिका घेतल्या. कोरडा मात्र आजींनी ठेवून घेतला. नवऱ्याची आठवण म्हणून पेटीत ठेवते, पूजा करणार नाही, म्हणाल्या. मी हो म्हटलं. तो माणूस पोटासाठी स्वतःच्या अंगावर कोरडे ओढून घेत गावोगाव फिरला होता. ती वस्तू नातवांनी बघायलाच हवी. हे सगळं दीक्षेच्या निदान आठवडाभर आधी झालं पाहिजे, म्हणजे त्या दिवशी घरात ओढाताण उरत नाही.

पांढऱ्या कपड्यांकडे येते. नागपूरला बाबासाहेब पांढऱ्या वस्त्रांत होते आणि लोकांनीही पांढरे कपडे घालून यावं असं सांगितलेलं होतं. पण ही रीत त्याहून खूप जुनी आहे. पाली सुत्तांत गृहस्थ शिष्यांना 'गिही ओदातवसना' म्हटलंय, म्हणजे पांढरी वस्त्रं नेसणारे गृहस्थ. भिक्खूचं चीवर, उपासकाचं पांढरं. पांढऱ्यात घर-संसार सोडण्याचा भाव नाही, उलट मी घरात राहून धम्म पाळणारा आहे हे त्यातून कळतं.

अडचण येते ती बायकांना. आपल्याकडे पांढरी साडी म्हणजे विधवेची, हे हाडात मुरलेलं आहे. चिखलीच्या ताईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ताई, नवरा जवळ असताना पांढरं नेसू का? माझी आई बघेल तर रडेल." मी त्यांना घरी नेऊन माझ्या लग्नाचा फोटो दाखवला. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढरीच साडी नेसते, मीही नेसले होते. तरी मनाची तयारी होईना म्हणून निळ्या काठाची पांढरी सुती साडी घेतली, आणि ताईंनी स्वतः शिवलेला निळा ब्लाऊज. पोरीला पांढरा पंजाबी ड्रेस. पुरुषांना शाळेचा पांढरा शर्ट असला तरी चालतो, फक्त धुतलेला हवा. रेशमी, भारी असं काही घेऊ नका. कर्ज काढून केलेली पांढरी खरेदी मला पाहवत नाही, आणि अलीकडे ती वाढायला लागली आहे. पाहुण्यांपैकी कुणी रंगीत कपड्यात आलं तर त्यांना दारात अडवायचं नाही, मागे बसवायचं नाही. बांगड्या-मंगळसूत्राचं विचाराल तर प्रतिज्ञांत त्याबद्दल एक अक्षरही नाही. ज्या बाईला जे घालायचं ते तिनं ठरवावं. दीक्षेच्या दिवशी बाईचं कुंकू पुसायला लावणारे लोक मी पाहिलेत, आणि तिथेच थांबवलेही आहेत.

विधीला पाऊण तास ते तास लागतो. खोलीच्या एका भिंतीला टेबल किंवा चौरंग, त्यावर पांढरं कापड. मधे बुद्धमूर्ती थोडी उंचावर, तिच्या बाजूला किंचित खाली बाबासाहेबांची प्रतिमा. मेणबत्त्या, अगरबत्ती, पांढरी फुलं, पिंपळाची पानं असतील तर पानं. नारळ, हळदकुंकू, सुपारी, तांदळाची रास यातलं काही नको. लोक सवयीनं घेऊन येतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. घरातल्या थोरल्या माणसानं फूल वाहून मेणबत्ती लावायची. मग दीक्षा घेणारे पुढे सतरंजीवर, हात जोडून. विहारातले उपासक-उपासिका त्यांच्या मागे. भिक्खू असतील तर आधी त्यांच्याकडे तीनदा शीलाची याचना करतात. नसतील तर आम्ही थेट वंदनेनं सुरुवात करतो: "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स", तीन वेळा. मग त्रिशरण, तेही तीनदा; दुसऱ्यांदा 'दुतियम्पि' लावून, तिसऱ्यांदा 'ततियम्पि'. मग पाच शीलं. मी तुकडे पाडून सांगते, मागून तुम्ही म्हणायचं. "पाणातिपाता", थांबायचं, "वेरमणी", थांबायचं, "सिक्खापदं समादियामि". प्रत्येक शीलानंतर त्याचा मराठी अर्थ एका वाक्यात. मागचे उपासक बरोबर म्हणत असतात, त्यानं नव्या माणसाला आधार मिळतो. पण त्यांचा आवाज पुढच्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. ज्याची दीक्षा त्याचा आवाज खोलीत ऐकू आला पाहिजे.

शीलाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, विशेषतः पाचव्या शीलाबद्दल, कारण तुमच्या घरात नसेल पण बऱ्याच घरांत तो प्रश्न असतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. शील मोडलं तर तुम्ही धम्मातून बाहेर पडत नाही, पाप लागून बसत नाही. पुढच्या पौर्णिमेला, पुढच्या रविवारी ते पुन्हा घ्यायचं. म्हणून तर विहारात दर वंदनेला त्रिशरण-पंचशील म्हणतात. पण याचा अर्थ दारू चालू ठेवून दीक्षा घ्यायची असा नाही. चिखलीचे दादा दर शनिवारी प्यायचे. मी त्यांना सांगितलं की चार शनिवार न पिता काढा, मग बसा. पाचव्या आठवड्यात त्यांनीच बोलावलं. मधला एक शनिवार चुकला होता, तो त्यांनी सगळ्यांसमोर सांगितला.

पंचशीलानंतर सगळ्यांनी उठून उभं राहायचं, आणि मग बावीस प्रतिज्ञा. त्रिशरण-पंचशील पालीत आहे, ते सगळ्या बौद्ध जगात तेच आहे. प्रतिज्ञा मात्र मराठीत, म्हणजे कळली नाही असं म्हणायला जागाच नाही. आधीच्या काळी भिक्खू होण्यासाठी वेगळी दीक्षा होती, पण उपासकासाठी पक्का विधी नव्हता, आणि त्यामुळे गृहस्थ माणूस बुद्धालाही मानायचा आणि बाकीचे देवही धरून ठेवायचा; बौद्ध धर्म भारतातून जाण्याचं ते एक कारण बाबासाहेबांना दिसलं होतं. ही ढिलाई पुन्हा होऊ नये म्हणून बावीस प्रतिज्ञा आहेत. म्हणूनच "ताई, पहिल्या आठ वगळून बाकीच्या घेतो, नातेवाईक दुखावतील" असं कुणी म्हटलं तर मी दीक्षा देत नाही. त्यांना म्हणते, वंदनेला येत राहा, पंचशील पाळा, घाई नाही.

त्या आठांत नेमकं काय आहे ते बघा. पहिल्या पाच देव, अवतार आणि बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचा खोटा प्रचार यांबद्दल आहेत. सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदानाची. सातवी धम्माशी विसंगत आचरण न करण्याची, आठवी ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून न घेण्याची. या सगळ्या 'मी' काय करणार नाही याच्या प्रतिज्ञा आहेत. तुमच्या मेव्हण्याच्या घरी सत्यनारायण असला तर त्यांच्या घरी जेवायला जाऊ नका असं त्यात कुठेच नाही. जा, भेटा, आहेर करा, फक्त पूजेला बसू नका. नातं तोडणं ही प्रतिज्ञा नाही. पुढे नववी-दहावी समतेच्या. अकरावी अष्टांग मार्गाची, बारावी दहा पारमितांची. या दोन्ही प्रतिज्ञा बैठकीत समजावून घ्या, एका दमात समजण्यासारख्या नाहीत. तेरा ते सतरा म्हणजे पंचशीलच मराठीत आल्यासारखं आहे, प्राणिमात्रांवर दया, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, दारू नाही. अठरावीत प्रज्ञा, शील, करुणा यांची सांगड. एकोणिसावीत जुन्या धर्माचा त्याग आणि बौद्ध धम्माचा स्वीकार. एकविसावी आहे ती "आज माझा नवा जन्म होत आहे" ही. बाविसावी इथून पुढे बुद्धाच्या शिकवणुकीप्रमाणे वागण्याची.

या वाचताना सगळ्यात मोठी चूक होते ती वेगाची. चार मिनिटांत बावीस उरकणारे मी ऐकलेत. त्या वेगात माणूस फक्त वाक्याचा शेवट पकडतो, "करणार नाही, करणार नाही" एवढाच आवाज येतो. आम्ही बारा ते पंधरा मिनिटं घेतो. ओळखायची खूण सांगते: एकोणिसाव्या प्रतिज्ञेला खोलीत शांतता झाली तर समजायचं लोक ऐकतायत. ते वाक्य लांब आहे, चार तुकड्यांत सांगावं लागतं, आणि प्रत्येक तुकडा माणसाच्या तोंडून वेगळा निघतो. बायकांसाठी मी "करते, मानते" असं वेगळं म्हणून घेते. बाई "त्याग करतो" म्हणाली की ते तिचं न राहता नवऱ्याचं होतं. तुमच्या मुलीलाही तिच्या क्रियापदांत म्हणू द्या. पण त्याआधी तिला एकटीला विचारा की तुला घ्यायचीय का. आठवीतलं मूल नाही म्हणू शकतं, आणि तो हक्क तिला आहे.

त्यानंतर बुद्धमूर्तीसमोर तीनदा वंदन आणि शेवटच्या गाथा. दीक्षाविधी इथे संपतो. मग विहाराच्या वहीत नाव, वय, पत्ता, सही, दोन साक्षीदार, आणि दीक्षेचं प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर धर्म 'बौद्ध' लिहिलेला असतो, पण शासनदरबारी बदल हवा असेल तर प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात धर्मबदलाची जाहिरात द्यावी लागते. मातंग अनुसूचित जातींत असल्यानं तुमच्या सवलतींना धक्का लागत नाही. १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही केंद्राच्या यादीत स्थान आहे. जुनी जात प्रमाणपत्रं, शाळेचे दाखले जपून ठेवा, मुलाच्या पडताळणीला ते लागणारच. आणि मुलाचा कुठला अर्ज मधेच अडकलेला असेल तर तो निकाली निघेपर्यंत कागद हलवू नका.

आता जे मला खरंतर सगळ्यात जास्त सांगायचंय ते. विधी झाल्यावर टाळ्या वाजतात, फुलं देतात, नव्या माणसाच्या नावामागे 'आयुष्मान', 'आयुष्मती' लागतं, खीर वाटतात. आणि पुढच्या महिन्यात त्या घराकडे कुणी फिरकत नाही. माझ्याच एका जुन्या विहारात असं एक कुटुंब तुटलं. दीक्षेनंतर दोन महिन्यांनी त्यांच्या घरी मयत झाली. भावकीनं खांदा द्यायला नकार दिला, तुमचं तुम्ही बघा म्हणाले. विहारातून तीनच माणसं गेली. अंत्यविधीच्या गाथा कुणाला यायच्या नाहीत म्हणून फोनवर ऐकवल्या. मी त्या दिवशी गावाला होते, पण तयारी करून ठेवणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. वर्षभरात ते घर परत जुन्या वाटेला गेलं. त्यांना दोष देता येत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण तुम्हाला ती भेटणार म्हणून आधी सांगते. विहारात कुणीतरी विचारेल, "तुम्ही मूळचे कोण?" पूर्वीच्या महार समाजातल्या घरांना तीन पिढ्या झाल्यात, आणि काहींना वाटतं धम्म आपल्या घरचा आहे, बाकीचे पाहुणे. नववी प्रतिज्ञा त्यांनीही घेतलेली असते. असा प्रश्न आला तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. बौद्ध, एवढंच म्हणा. आणि मला येऊन सांगा. अशा माणसाशी बोलायचं काम नव्या घरावर टाकायचं नसतं.

म्हणून आम्ही आता दीक्षा देतानाच त्या घराला विहारातलं एक घर जोडून देतो, जवळ राहणारं, साधारण त्याच वयाच्या मुलांचं. वर्षभर दर पौर्णिमेला ही दोन घरं एकत्र वंदनेला येतात, एकदा यांच्या घरी, एकदा त्यांच्या. नव्या घरातल्या एकाला तरी सहा महिन्यांत त्रिशरण-पंचशील, पूजेच्या गाथा आणि अंत्यविधीचा क्रम पाठ झाला पाहिजे, म्हणजे अडीअडचणीला कुणाची वाट बघावी लागत नाही. मुलगा तयार असेल तर त्याला सुट्टीत श्रामणेर शिबिराला पाठवा. आणि नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात विहारात काम द्यायचं. सतरंज्या घालायचं किंवा चहाचं नव्हे, वंदना सांगायचं. चिखलीच्या ताई तिसऱ्या रविवारी उभ्या राहिल्या, पाय लटपटत होते, 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना'ला अडखळल्या. त्यांच्या जोडीच्या घरातली बाई शेजारून हळूच शब्द पुरवत होती. आता त्या नव्या घरांच्या बैठका स्वतः घेतात.

आईंबद्दल. त्यांना समजवायला मुलानं बसू नये, मुलाचं आई ऐकत नाही. त्यांच्या वयाची एखादी उपासिका बोलवा. त्यांना सगळ्यात जास्त काय लागत असेल तर ते तुमच्या वडिलांचं म्हाळ बंद होण्याचं. त्याच्या जागी त्यांच्या स्मृतिदिनाला वंदना, पुण्यानुमोदन आणि चार माणसांना जेवण करता येतं, हे त्यांना आधी दाखवा, जमलं तर या वर्षीच. चिखलीच्या आजी दीक्षेच्या दिवशी शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, रंगीत लुगड्यात. प्रतिज्ञा घेतल्या नाहीत, पण त्रिशरणाला त्यांचे ओठ हलत होते. पुढच्या वैशाख पौर्णिमेला त्यांनी स्वतःहून माझ्याकडे पांढऱ्या लुगड्याची किंमत विचारली.

तुमच्या आईंसाठी त्या दिवशी खुर्ची ठेवा, सतरंजीवर बसायला लावू नका. आणि पहिल्या बैठकीसाठी कुठला रविवार सोयीचा आहे ते कळवा.